घटक चाचणीपूर्वी जुना अभ्यास परत कसा आणावा : आठवीच्या विज्ञानाचे आठ आठवड्यांचे वेळापत्रक

पहिल्या घटक चाचणीचे पेपर तपासून झाले की गठ्ठा बाजूला ठेवण्याआधी एक काम करून पाहावे. प्रत्येक प्रश्नासमोर तो उपघटक आपण कोणत्या आठवड्यात शिकवला होता ते लिहावे आणि गुण नेमके कुठे गेले ते मोजावे. सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी आठवीला सामान्य विज्ञान शिकवतो. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा सर्वाधिक गुण विजेच्या प्रकरणात गेले असतील असे मला वाटले होते, कारण ते मुलांना जड जाते. प्रत्यक्षात गुण गेले होते ते ‘सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण’ या पहिल्याच प्रकरणात. ते मुलांनी जून महिन्यात आनंदाने शिकले होते आणि स्वाध्यायही बरोबर सोडवले होते, पण त्यानंतर ऑगस्टपर्यंत त्या प्रकरणाचे नाव वर्गात कोणी काढले नव्हते. चाचणीच्या आदल्या आठवड्यात मी चारही प्रकरणांची धावती उजळणी घेतली होती, आणि तीत पहिल्या प्रकरणाच्या वाट्याला जेमतेम अर्धी तासिका आली होती.

तेव्हापासून मी चाचणीच्या आदल्या आठवड्यातली उजळणी बंद केली आणि जुने उपघटक दर आठवड्याला थोडे थोडे परत आणायला सुरुवात केली. हे वेळापत्रक कसे बांधायचे, ते पुढे क्रमाने सांगतो. उदाहरण आठवीच्या विज्ञानाचे आहे. आठवड्याला पाच तासिका, प्रत्येक तासिका पस्तीस मिनिटांची, चाचणीला पहिली चार प्रकरणे आणि चाचणी नवव्या आठवड्याच्या सोमवारी, असे गृहीत धरले आहे.

उजळणी नव्हे, आठवण्याचा सराव

वेळापत्रकाआधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण तोच चुकला तर पुढची सगळी आखणी वाया जाते. शिक्षक पुन्हा सांगतात, मुले पुन्हा वाचतात किंवा फळ्यावरचे उतरवून घेतात, ही उजळणी झाली. पुस्तक व वही मिटून, शेजाऱ्याशी न बोलता, मुलाने स्वतःच्या डोक्यातून उत्तर काढून कागदावर लिहिणे हा आठवण्याचा सराव झाला.

या दोहोंतला फरक 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगात दाखवला. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. त्यानंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही उताऱ्यांच्या बाबतीत पुन्हा न वाचता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेले उतारे सरस ठरले, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत मात्र चित्र उलटे झाले, कारण पुन्हा वाचलेल्यापैकी 42 टक्केच उरले होते आणि लिहून काढलेल्यापैकी 56 टक्के. चाचणीच्या आदल्या दिवशीची उजळणी आपल्याला आणि मुलांनाही इतकी समाधानकारक का वाटते, याचे उत्तर पहिल्या जोडीत आहे. मजकूर ताजा असतो, ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे असा सर्वांचा समज होतो.

एक मर्यादाही येथेच सांगून ठेवतो. जे मुळात समजलेच नाही ते आठवण्याच्या सरावाने समजत नाही. असा उपघटक प्रश्नांच्या रांगेत टाकण्याआधी पुन्हा शिकवावा लागतो. तसा उपघटक ओळखायचा कसा, ते पुढच्या उदाहरणात येईल.

अंतर किती ठेवावे

जुना घटक लगेच परत आणला तर आठवायला काही कष्टच पडत नाहीत, आणि फार उशिरा आणला तर आठवायला काही उरलेले नसते. या दोन टोकांमधले अंतर चाचणी किती लांब आहे त्यावर ठरते. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली तेराशेहून अधिक व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की परीक्षा सात दिवसांनी असेल तर पहिला आणि दुसरा अभ्यास यांत साधारण एका दिवसाचे अंतर सर्वांत फलदायी ठरते, पस्तीस दिवसांनी असेल तर सुमारे अकरा दिवसांचे, आणि सत्तर दिवसांनी असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. वर्गासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अंतर गरजेपेक्षा फार कमी ठेवल्याने होणारे नुकसान, थोडे जास्त ठेवल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा बरेच मोठे होते.

तो अभ्यास सुट्या माहितीवर आणि प्रौढ व्यक्तींवर झाला होता, त्यामुळे त्यातले आकडे जसेच्या तसे आठवीच्या वर्गाला लावू नयेत. त्यातून मी घेतली ती दिशा. प्रत्येक उपघटक शिकवल्यावर एक-दोन दिवसांनी, मग साधारण आठवड्याने, मग साधारण तीन आठवड्यांनी परत यावा, आणि यांना मी पहिली, दुसरी व तिसरी फेरी म्हणतो. पहिली फेरी थोडी लवकर आहे हे खरे, पण तिचा उपयोग वेगळा आहे. शिकवलेले पोहोचले की नाही, हे तिच्यातून कळते.

पहिली पायरी : उपघटकांची यादी आणि जागांची मोजणी

टाचण वही घेऊन चारही प्रकरणांतील उपघटक लिहून काढावेत. एका प्रश्नात विचारता येईल आणि मुलाला चार-पाच ओळींत लिहिता येईल, एवढाच उपघटकाचा आकार असावा. ‘आरोग्य व रोग’ हा उपघटक होऊ शकत नाही, पण ‘डेंग्यूचा प्रसार आणि प्रतिबंध’ होऊ शकतो. माझ्या यादीत प्रत्येक प्रकरणाचे सहा असे चोवीस उपघटक निघतात. पहिल्या सहा आठवड्यांत आठवड्याला चार या वेगाने ते शिकवून होतात आणि शेवटचे दोन आठवडे राहिलेले प्रयोग, स्वाध्याय आणि बुडालेल्या तासिका यांसाठी मोकळे राहतात. ज्या आठवड्यात जे चार शिकवले त्यांना मी गट 1 ते गट 6 अशी नावे देतो.

आता जागा मोजाव्यात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवशी तासिकेची पहिली आठ मिनिटे आणि त्यांत चार प्रश्न, म्हणजे आठवड्याला बारा प्रश्नांची जागा झाली. आठ आठवड्यांच्या शहाण्णव जागा होतात. चोवीस उपघटकांच्या तीन फेऱ्या म्हणजे बाहत्तर प्रश्न, म्हणजे कागदावर तरी जागा भरपूर दिसते. पाचही दिवस हा सराव घेण्याचा मोह होतो, पण मी तो टाळतो. रोज आठ मिनिटे गेली की अभ्यासक्रम मागे पडतो, आणि मागे पडलेला शिक्षक सर्वांत आधी हाच सराव बंद करतो.

दुसरी पायरी : चाचणीपासून मागे मोजत यावे

येथे माझी पहिल्या वर्षीची चूक सांगणे भाग आहे. मी वेळापत्रक जूनपासून पुढे भरत गेलो. गट 1 ची पहिली फेरी पहिल्या आठवड्यात, दुसरी दुसऱ्या आठवड्यात, तिसरी चौथ्या आठवड्यात, आणि काम झाले असे समजून मी पुढच्या गटाकडे वळलो. चौथ्या आठवड्यानंतर थेट नवव्या आठवड्यात चाचणी. ज्या प्रकरणासाठी हा सारा खटाटोप सुरू केला होता, तेच प्रकरण पाच आठवडे पुन्हा अंधारात गेले. फेऱ्या तिन्ही झाल्या होत्या, अंतरेही ठीक होती, पण शेवटची फेरी आणि चाचणी यांच्यातली दरी कोणी मोजलीच नव्हती.

म्हणून आता आखणीची सुरुवात शेवटाकडून करतो. प्रत्येक उपघटकाची अखेरची भेट सहाव्या ते आठव्या आठवड्यातच पडली पाहिजे, असा नियम आधी घालतो आणि त्या जागा प्रथम भरतो. गट 4, 5 आणि 6 यांची तिसरी फेरी आपसूकच त्या काळात येते. फक्त गट 6 ची तिसरी फेरी नवव्या आठवड्यात जात असल्याने ती एक आठवडा अलीकडे ओढावी लागते. गट 3 ची तिसरी फेरी सहाव्या आठवड्यात येते, म्हणजे तोही नियमात बसतो. राहिले गट 1 आणि गट 2. त्यांना सातव्या आणि आठव्या आठवड्यात चौथी फेरी द्यावी लागते.

दुसरी अडचण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येते. तेथे नव्या गटाची पहिली, मागच्याची दुसरी आणि जुन्याची तिसरी अशा तीन फेऱ्या एकत्र पडतात आणि बाराही जागा भरून जातात, मग चुकलेला उपघटक पुन्हा घ्यायला जागाच उरत नाही. त्यावर माझा उपाय असा की या तीन आठवड्यांत नव्या गटातील चारपैकी दोनच उपघटकांची पहिली फेरी घ्यावी. जे उपघटक पुढच्या पाठात आपोआप वापरले जातात ते गाळावेत. घनता समजल्याशिवाय वस्तू तरंगते की बुडते याचा विचार पुढे सरकतच नाही, म्हणजे घनतेची पहिली फेरी शिकवतानाच होऊन जाते. गाळलेल्या उपघटकांचीही दुसरी आणि तिसरी फेरी मात्र चुकवायची नाही.

एवढे केल्यावर तक्ता असा उभा राहतो :

| आठवडा | पहिली फेरी | दुसरी फेरी | तिसरी फेरी | चौथी फेरी | राखीव जागा |
|---|---|---|---|---|---|
| 1 | गट 1 | – | – | – | 8 |
| 2 | गट 2 | गट 1 | – | – | 4 |
| 3 | गट 3 | गट 2 | – | – | 4 |
| 4 | गट 4 (दोन) | गट 3 | गट 1 | – | 2 |
| 5 | गट 5 (दोन) | गट 4 | गट 2 | – | 2 |
| 6 | गट 6 (दोन) | गट 5 | गट 3 | – | 2 |
| 7 | – | गट 6 | गट 4 | गट 1 | 0 |
| 8 | – | – | गट 5, गट 6 | गट 2 | 0 |

शुक्रवारी शिकवलेल्या उपघटकाची पहिली फेरी अर्थातच पुढच्या सोमवारी जाते, तेवढी ढिलाई या तक्त्यात धरलेली आहे. पहिल्या तीन आठवड्यांतील सोळा राखीव जागा रिकाम्या ठेवू नयेत. तेथे मी पुढच्या प्रकरणांना लागणाऱ्या सातवीतल्या गोष्टी विचारतो, कारण बल म्हणजे काय हे विसरलेल्या मुलाला चौथ्या आठवड्यात दाब शिकवणे कठीण जाते. सातव्या आणि आठव्या आठवड्यात राखीव जागा नाही, पण तेव्हा नवे शिकवणेही नसते, त्यामुळे मंगळवार-गुरुवारच्या तासिका चुकलेल्या उपघटकांसाठी वापरता येतात.

तिसरी पायरी : त्याच उपघटकाचा प्रश्न दर फेरीला वेगळा

तोच प्रश्न तीनदा विचारला तर मुले उपघटक लक्षात ठेवत नाहीत, त्या प्रश्नाचे उत्तर लक्षात ठेवतात. मुलाच्या वहीत तिन्ही वेळा शब्दन् शब्द सारखेच उत्तर दिसले, तर हेच घडले आहे असे समजावे. म्हणून पहिल्या फेरीला सरळ प्रश्न, दुसऱ्या फेरीला कारण किंवा तुलना, आणि तिसऱ्या फेरीला नवा प्रसंग, असा क्रम मी ठेवतो. हे बारा-बारा प्रश्न आठवड्याच्या शेवटी एकदम काढून ठेवावेत. वर्गात उभे राहून सुचलेला प्रश्न बहुतेक वेळा व्याख्येचाच असतो.

वर्गीकरणाचे उदाहरण घेऊ. रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 साली पंचसृष्टी वर्गीकरण मांडले, हे साल पहिल्या फेरीत विचारायला हरकत नाही. पण तिसऱ्या फेरीतही सालच विचारले तर वर्गीकरण कळले की नाही ते समजणार नाही. तेथे मी विचारतो, ‘किण्व आणि अमिबा दोन्ही एकपेशीय असूनही एक कवकांत आणि दुसरा प्रोटिस्टांत का?’ या उत्तरासाठी पेशीभित्तिका आणि पोषणाचा प्रकार हे दोन्ही निकष डोक्यातून बाहेर काढावे लागतात. आकृती काढायला आठ मिनिटांत वेळ पुरत नाही, म्हणून विद्युत घंटेची आकृती मी फळ्यावर आधीच काढून ठेवतो आणि मुलांनी फक्त भागांची नावे व प्रत्येकाचे काम लिहायचे असते. पूर्ण आकृतीचा सराव यातून होत नाही. तो स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो.

चौथी पायरी : वर्गातली आठ मिनिटे

मुले वर्गात येईपर्यंत चार प्रश्न फळ्यावर लिहिलेले असावेत. त्यासाठी प्रत्येकाने शंभर पानी वेगळी वही ठेवावी. तिला आमच्या वर्गात आठवण वही म्हणतात. चार मिनिटे सर्वांनी गप्प बसून लिहायचे. ज्याला काहीच आठवत नाही त्याने प्रश्नक्रमांक टाकून समोर आडवी रेघ मारायची, पण जागा सोडून पुढे जायचे नाही. पुढची तीन मिनिटे उत्तरांची. मी उत्तर सांगतो आणि मुले वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतःचे उत्तर तपासून दुरुस्त करतात. हा भाग वेळेअभावी कधीही गाळू नये, कारण न दुरुस्त झालेले चुकीचे उत्तर पुढच्या फेरीला तसेच परत येते. शेवटच्या मिनिटात प्रत्येक प्रश्नाला हात वर करायला सांगून मी तीन आकडे टाचण वहीत लिहितो : किती बरोबर, किती चूक, किती कोरे.

या वहीला गुण द्यायचे नाहीत, आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचे. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणे येते आणि आपल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. तरीही हातांच्या मोजणीवर पूर्ण विसंबू नये, कारण पुढच्या बाकावरचे हात पाहून मागचे हात वर जातात. दर शुक्रवारी पाच वह्या, दर वेळी वेगळ्या, गोळा करून वाचाव्यात. मोजणी आणि वह्या यांच्यात मोठी तफावत दिसली तर पुढचे काही दिवस वह्यांचाच आकडा धरावा.

सुरुवातीला मुलांची कुरकुर होते. चौथ्या आठवड्यात वर्गीकरणाचा प्रश्न फळ्यावर पाहून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हे मागल्या महिन्यातलं हाय की. आत्ता बल चाललंय.” मी तिला एवढेच विचारले की मागल्या महिन्यातले तुला आत्ता किती येते ते लिहून बघ. तिने चारपैकी दोन रेघा मारल्या आणि स्वतःच्या वहीकडे बराच वेळ पाहत बसली. अशा वेळी रागावणे किंवा ‘शिकवलं होतं ना’ असे म्हणणे टाळावे, कारण मुले मग रेघ मारण्याऐवजी काहीतरी खरडू लागतात आणि कोरे कोण व चुकलेले कोण हा फरक पुसला जातो.

पाचवी पायरी : आकडे पाहून वेळापत्रक हलवणे

माझा नियम असा आहे की उपस्थित मुलांपैकी दोन तृतीयांशांचे उत्तर बरोबर असेल तर उपघटक तक्त्याप्रमाणे पुढे जातो. त्याहून कमी असेल तर तो पुढच्या आठवड्याच्या राखीव जागेत येतो. त्याआधी काय करायचे ते चूक आणि कोरे यांच्या प्रमाणावर ठरते. कोरे जास्त असतील तर मुले विसरली आहेत, त्यांना आणखी एक फेरी पुरते. चूक जास्त असतील, आणि त्या चुका एकाच प्रकारच्या असतील, तर मुले चुकीचे शिकली आहेत. तेथे फेरी वाढवून उपयोग नाही, पुन्हा शिकवावेच लागते. ‘दाब’ या उपघटकाच्या बाबतीत एका वर्षी काय झाले ते सविस्तर पाहू.

दाब चौथ्या आठवड्यात बुधवारी शिकवून झाला. शुक्रवारी पहिल्या फेरीत सूत्र आणि एसआय एकक विचारले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ आणि एकक पास्कल, हे जवळजवळ सर्वांनी लिहिले. मी त्यावर समाधान मानले असते तर चाचणीत फसलो असतो.

पाचव्या आठवड्यात दुसऱ्या फेरीचा प्रश्न होता, ‘उसाची मोळी डोक्यावर घेताना बाया आधी चुंबळ का ठेवतात?’ प्रश्नात दाब हा शब्द मुद्दाम ठेवला नव्हता. एकोणचाळीस मुले हजर होती. सतरा बरोबर, आठ कोरी, आणि चौदा जणांनी लिहिले होते की चुंबळीमुळे ओझ्याचे वजन कमी होते. दोन तृतीयांश म्हणजे सव्वीस, त्यापासून आम्ही बरेच दूर होतो. पण खरी गोष्ट त्या चौदांत होती. सूत्र पाठ असूनही त्यांच्या मनात दाब आणि बल एकच होते.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे काढून वर्गाबाहेरच्या वाळूत एकच वीट आधी आडवी आणि मग उभी ठेवली. उभ्या विटेचा ठसा खोल गेला. वीट तीच, वजन तेच, मग ठसा खोल का, हे मुलांकडूनच वदवून घेतले. लगेच प्रश्न विचारला नाही. लगेच विचारला असता तर सर्वांनी बरोबर सांगितले असते आणि मला काहीच कळले नसते.

सहाव्या आठवड्यातल्या राखीव जागेत गणित दिले. मोळीचे वजन 200 न्यूटन. चुंबळ नसताना ते डोक्याच्या 20 चौरस सेंटिमीटर भागावर टेकते, आणि चुंबळ ठेवल्यावर 100 चौरस सेंटिमीटरवर पसरते. दोन्ही वेळचा दाब काढा. 20 चौरस सेंटिमीटर म्हणजे 0.002 चौरस मीटर, म्हणून पहिला दाब 1,00,000 पास्कल. 100 चौरस सेंटिमीटर म्हणजे 0.01 चौरस मीटर, म्हणून दुसरा 20,000 पास्कल. बल दोन्हीकडे 200 न्यूटनच लिहायचे असते, आणि वजन कमी होते असे समजणारे मूल नेमके तेथे अडखळते. या वेळी एक्केचाळीसपैकी एकोणतीस बरोबर आले. राहिलेल्यांतील बहुतेकांची चूक चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना शंभराने भागण्याची होती, दहा हजारांनी भागायला हवे होते. म्हणजे गैरसमज गेला होता आणि आता गणिताची अडचण उरली होती. तिच्यासाठी गणिताच्या बाईंना सांगितले.

सातव्या आठवड्यात तिसरी फेरी ठरल्याप्रमाणे आली. प्रश्न होता, ‘पावसाने मऊ झालेल्या शेतात ट्रॅक्टरची मागची चाके रुंद असल्याचा काय फायदा?’ चाळीसपैकी चौतीस जणांनी बल, क्षेत्रफळ आणि दाब हे तिन्ही शब्द योग्य जागी वापरले. वजन कमी होते असे लिहिणारे दोघेच उरले होते. त्यांना मंगळवारच्या तासिकेत जवळ बसवून घेतले.

वेळापत्रक मोडते तेव्हा

आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वेळापत्रक मोडणार, हे धरूनच चालावे लागते. बेंदराच्या दिवशी शेतकऱ्यांची मुले वर्गात नसतात, त्या दिवशी फेरी ठेवू नये. त्याहून मोठा खंड कृष्णेच्या पुराचा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी वाढू लागली की काठच्या गावांतल्या शाळा बंद होतात, आणि पाणी ओसरल्यावरही शाळा स्वच्छ होऊन मुले वर्गात बसेपर्यंत दिवस जातात. एका वर्षी असा खंड नेमका सहाव्या आठवड्यात पडला.

परत आल्यावर बुडालेले सगळे प्रश्न एकदम घेण्याची घाई करू नये. एका तासिकेत बारा प्रश्न लिहायला लावले तर वही भरते, दुरुस्ती मात्र होत नाही. मी तक्ता बाजूला ठेवतो आणि प्रत्येक उपघटकासमोर तो शेवटचा कधी विचारला गेला ती तारीख पाहतो. ज्याची तारीख सर्वांत जुनी तो सर्वांत आधी. नव्या उपघटकांच्या पहिल्या फेऱ्या पूर्ण सोडून देतो. खंडामुळे अंतर ठरल्यापेक्षा वाढलेले असते, त्यामुळे पहिल्या दिवशी कोरी उत्तरे जास्त येतात. तो आकडा पाहून घाबरू नये आणि त्या एका दिवसाच्या आकड्यावरून पुन्हा शिकवण्याचा निर्णयही घेऊ नये. दुरुस्तीनंतर आठवडाभराने तोच उपघटक परत आणून मग ठरवावे. पुरात वही गेलेल्या मुलांना आधी नवी वही द्यावी; जुनी पाने उतरवून काढायला लावू नयेत, कारण त्या पानांचे काम ती लिहिली तेव्हाच झालेले असते.

पूर नसतानाही वेळापत्रक आतून पोखरते, आणि त्याच्या खुणा ओळखता येतात. आठ मिनिटांची पंधरा झाली, तर उत्तरे सांगताना आपण पुन्हा शिकवू लागलो आहोत. लिहिण्याऐवजी तोंडी प्रश्न सुरू झाले, तर तेच तीन-चार हात वर दिसू लागतात आणि बाकीच्यांच्या डोक्यात काय आहे ते कळेनासे होते. मुले अडली की आपण पहिले अक्षर सांगतो. पहिल्या अक्षरावरून आलेले उत्तर मी चुकीतच मोजतो, कारण चाचणीत पहिले अक्षर सांगायला कोणी नसते.

चाचणीनंतर

पेपर तपासल्यावर सुरुवातीला सांगितलेला हिशेब पुन्हा करावा, या वेळी गटांनुसार. प्रत्येक गटाचे मिळालेले गुण आणि त्या गटाची अखेरची फेरी व चाचणी यांमधले दिवस शेजारी लिहावेत. माझ्याकडे गट 3 अनेकदा मागे राहतो. त्याची अखेरची फेरी सहाव्या आठवड्यातच होते आणि पुढे तीन आठवडे तो परत येत नाही. म्हणून आता सातव्या आठवड्यातल्या मंगळवारी ‘आरोग्य व रोग’चे दोन प्रश्न मी तक्त्याबाहेर घेतो. चाचणीत दोन तृतीयांशांच्या खाली राहिलेले उपघटक एका पानावर लिहून ते पान टाचण वहीत प्रथम सत्र परीक्षेच्या नियोजनाला टाचून ठेवावे, आणि पाचव्या प्रकरणाच्या पहिल्या आठवड्यात ज्या आठ राखीव जागा रिकाम्या असतील, त्यांत ते उपघटक सर्वांत आधी भरावेत.